ॲपचे कुलूप पुन्हा केव्हा लागावे?

फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने आयफोनवर एक नवी सोय दिली. फोन उघडा असला तरी व्हॉट्सॲप उघडण्यासाठी पुन्हा एकदा चेहरा किंवा बोटाचा ठसा द्यावा लागेल, अशी ही सोय. तिच्यासोबत एक प्रश्नही होता. ॲपमधून बाहेर पडल्यावर कुलूप पुन्हा केव्हा लागावे: लगेच, १ मिनिटाने, १५ मिनिटांनी की १ तासाने?

महिना उलटायच्या आत त्यातली खोट लोकांच्या लक्षात आली. फोटोंच्या ॲपमध्ये जायचे, एखादा फोटो ‘शेअर’ करायचा, यादीतून व्हॉट्सॲप निवडायचे. तिथे ठसा किंवा चेहरा मागायला हवा होता, तो मागितला जात नसे. मग तसेच बाहेर पडून व्हॉट्सॲपच्या चिन्हावर बोट ठेवले, की सगळ्या गप्पा समोर उघड्या. मात्र हे सगळ्यांच्या फोनवर होत नव्हते. ज्यांनी ‘लगेच’ हा पर्याय निवडला होता ते सुरक्षित होते, बाकीच्या तीनपैकी कोणताही पर्याय निवडणाऱ्यांचे कुलूप चकवता येत होते. कंपनीने चूक मान्य केली, दुरुस्ती लवकरच येईल असे सांगितले आणि तोवर ‘लगेच’ ठेवा असा सल्ला दिला. दुरुस्ती झाली, प्रकरण मिटले. पण वापरणाऱ्यांनी दोन सेकंदांत, फारसा विचार न करता दिलेल्या एका उत्तरावर सगळे अवलंबून होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. ॲपच्या कुलपाची चर्चा नेहमी ठसा चांगला की पासकोड चांगला याभोवती फिरते. खरा निर्णय त्याच्या खालच्या ओळीत असतो, आणि तो बहुतेक जण वाचतही नाहीत.

मुळात हे कुलूप कोणासाठी? लोकलमध्ये फोन मारणाऱ्या चोरासाठी म्हणावे, तर त्याच्यासाठी फोनचे स्वतःचे कुलूप आहेच. ते शाबूत असेल तर चोर ॲपपर्यंत पोचतच नाही. ॲपच्या कुलपाची गरज पडते ती फोन उघडा असताना, आणि तो उघडा असताना दुसऱ्याच्या हातात असतो तेव्हा. आपल्याकडे तो दुसरा माणूस बहुधा घरचाच असतो. गेम मागणारा मुलगा, लग्नाचे फोटो बघायला फोन घेणारी नणंद, ‘जरा एक फोन लावतो’ म्हणणारा भाऊ, किंवा रोज रात्री बायकोचा फोन चाळणारा नवरा. या सगळ्यांना फोनचा पिन बहुतेक वेळा ठाऊक असतो.

२०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रिया फोनवरचा खासगीपणा कसा सांभाळतात, हे त्यांनी १९९ जणांशी बोलून समजून घेतले होते. त्यात वारंवार पुढे आलेली गोष्ट अशी, की या बायकांचा फोन एकटीचा नसतो. तो मुलांना द्यावा लागतो, नवऱ्याला, सासूला दाखवावा लागतो, आणि फोन देत नाही म्हणणे म्हणजे काहीतरी लपवते आहे असे कबूल करणे. अशा घरात ॲपचे कुलूप उपयोगी पडते, कारण त्यामुळे फोन देता येतो आणि त्यातली एक खोली बंद ठेवता येते. काही जणी मेसेज वेळच्या वेळी पुसून टाकत, काही जणी काही गोष्टी फोनवर करतच नसत. कुलूप हा या सगळ्या युक्त्यांमधला एक मार्ग होता. ज्यांनी हे कुलूप बनवले त्यांच्या डोळ्यांसमोर कदाचित अनोळखी माणूस असेल. ज्यांनी ते सर्वांत जास्त गरजेपोटी वापरले, त्यांना ओळखीच्याच माणसापासून थोडी जागा हवी होती.

हे एकदा मान्य केले की ‘ठसा की पासकोड’ या प्रश्नाचे रूप बदलते. आयफोनवर व्हॉट्सॲपला चेहरा किंवा ठसा जुळला नाही, तर फोनचाच पासकोड टाकून आत जाता येते. सिग्नलचे कुलूपही वेगळे नसते, फोन उघडायला जे लागते तेच ते पुन्हा मागते. म्हणजे ज्याला फोनचा पिन माहीत आहे, त्याच्यासाठी हे दुसरे कुलूप जवळजवळ नसल्यासारखेच. टेलिग्रामने वेगळी वाट धरली. तिथे ॲपसाठी स्वतंत्र पासकोड ठरवावा लागतो आणि फोनच्या पिनशी त्याचा संबंध नसतो. घरातल्या माणसापासून जागा हवी असेल, तर टेलिग्रामची पद्धत बरोबर आहे. अर्थात तिथेही फोनचाच पिन पुन्हा वापरायचा नाही, एवढे पथ्य आपल्यालाच पाळावे लागते.

स्वतंत्र पासकोडची किंमतही आहे, आणि ती आधी माहीत असावी. टेलिग्रामचा पासकोड विसरला तर तो परत मिळवण्याची सोय नाही. ॲप काढून पुन्हा टाकावे लागते. नेहमीच्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर असल्याने त्या परत येतात, पण ‘सीक्रेट चॅट’ फक्त त्या फोनवरच असतात, त्या गेल्या त्या गेल्या.

ठशाची अडचण निराळी. फोनमध्ये चार-पाच बोटे नोंदवता येतात, आणि ॲपला त्यातले बोट कोणाचे हे कळत नाही. मुलाला सारखा फोन उघडून द्यायचा कंटाळा आला म्हणून कधीतरी त्याचा अंगठा नोंदवून टाकलेला असतो. तो अंगठा ठशावर उघडणारे प्रत्येक ॲप उघडू शकतो. याची दखल घेण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. नवे बोट नोंदवले गेले की जुनी किल्ली आपोआप रद्द व्हावी, असे ॲप बनवणारा ठरवू शकतो. फोनमध्ये नवा ठसा घातल्यावर अनेक बँकांची ॲप्स पुन्हा एमपिन मागतात, ते यामुळेच. मेसेज, नोंदी आणि फोटोंची ॲप्स एवढी काळजी सहसा घेत नाहीत. आपल्या फोनमध्ये कोणाकोणाची बोटे नोंदलेली आहेत, हे सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ॲपचे कुलूप लावण्याच्या आधी करायचे काम हेच.

शिवाय सगळ्यांच्याच बोटांना ठसा धड उरत नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून दोन-दोनदा हात पुसणारे शेतमजूर, गवंडी, भांडी घासणाऱ्या बायका महाराष्ट्रात कोणालाही नव्याने सांगायला नकोत. फोनवरही तेच होते. अँड्रॉइडमध्ये पाच वेळा ठसा चुकला की निदान ३० सेकंद थांबावे लागते, आणि असेच चालू राहिले तर पिन टाकल्याशिवाय ठसा चालतच नाही. त्यामुळे फक्त ठशावर उघडणारे ॲप अशा माणसांसाठी अर्धेच बनवलेले आहे. ठशासोबत पासकोडचा मार्ग हवाच, फक्त तो पासकोड फोनचा नसून ॲपचा असावा.

आता वेळेकडे वळू. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपला ठशाचे कुलूप ऑक्टोबर २०१९ मध्ये आले. तिथे पर्याय तीन: लगेच, १ मिनिटाने आणि ३० मिनिटांनी. नाशिकमधल्या एखाद्या घरात एक आई आहे असे समजू. दिवसभर सारखे बोट लावायचा त्रास नको म्हणून तिने ३० मिनिटे निवडली आहेत. रात्री ८ वाजून १० मिनिटांनी बहिणीचा आजारपणाविषयीचा मेसेज वाचून ती व्हॉट्सॲपमधून बाहेर पडते. ८ वाजून १२ मिनिटांनी मुलगा गेमसाठी फोन मागतो, ती देते. तिच्या मनात ॲपला कुलूप आहे. प्रत्यक्षात ते ८ वाजून ४० मिनिटांपर्यंत उघडे आहे. फोन नेमका ज्या वेळात तिच्या हाती नव्हता, तो सगळा वेळ कुलूप नसल्यातच जमा.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ही मुदत ॲपमधून शेवटचे बाहेर पडल्यापासून मोजली जाते. मुलाने ८ वाजून ३५ मिनिटांनी सहज व्हॉट्सॲप उघडले आणि मिनिटभरात बंद केले, तर मुदत तिथून नव्याने सुरू होते आणि ९ वाजून ६ मिनिटांपर्यंत जाते. अर्ध्या तासाच्या आत कोणी ना कोणी डोकावत राहिले, तर कुलूप रात्रभर लागणार नाही. लांब मुदत निवडणाऱ्याला वाटते की आपण अर्ध्या तासाची जोखीम घेतली. प्रत्यक्षात ती जोखीम दुसऱ्याच्या वागण्यावर सोपवलेली असते.

मग सगळ्यांनी डोळे झाकून ‘लगेच’ निवडावे का? २०१९ च्या चुकीच्या वेळी कंपनीने तोच सल्ला दिला होता आणि तेव्हापुरता तो योग्यच होता. रोजच्या वापरात मात्र तो टिकत नाही. हीच आई गॅसच्या पावतीचा मेसेज वाचते, त्यातला नंबर उतरवून घ्यायला दुसऱ्या ॲपमध्ये जाते, परत येते: ठसा द्या. दारात आलेल्या माणसाला उत्तर देऊन येते, पडदा बंद झालेला असतो: ठसा द्या. मधेच एखादा ओटीपी बघून येते: ठसा द्या. हात ओला असतो, दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा जमतो. दोन दिवसांत ती सेटिंगमध्ये जाऊन कुलूप काढून टाकते. घराघरांतली ॲपची कुलपे अशीच निघतात, कोणी तोडत नाही, कंटाळून मालकच काढतो. रोज काढावेसे वाटणारे कुलूप कागदावर कितीही कडक असले, तरी कामाचे नाही.

म्हणून बहुतेकांसाठी उत्तर १ मिनिट हेच आहे. एका मिनिटात ओटीपी बघून परत येता येते, आणि फोन दुसऱ्याच्या हाती गेला तर कुलूप फार काळ उघडे राहत नाही. पण फोन हातातून देण्याच्या त्या क्षणी एक मिनिटही जास्त असते. त्यावर घड्याळाचा इलाजच नाही. तिथे लागते ते ‘आत्ता बंद कर’ असे एक बटण. टेलिग्राममध्ये पासकोड लावला की गप्पांच्या यादीच्या वरच्या बाजूला छोट्या कुलपाचे चिन्ह येते, त्यावर बोट ठेवले की ॲप तत्काळ बंद. पासवर्ड सांभाळणाऱ्या बिटवॉर्डनमध्येही अशी सोय आहे. कीपासडीएक्स या ॲपमध्ये फोनचा पडदा बंद झाला की तिजोरी बंद व्हावी, अशी सेटिंग आहे. थोडी मुदत, पडदा बंद होताच कुलूप आणि हाताने बंद करायचे बटण, या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या तर वेळ निवडण्याचा पेच बराचसा सुटतो. कोट्यवधी लोक वापरतात त्या ॲप्सनी ते बटण अजून समोर का आणू नये, याचे कोणतेही पटणारे कारण दिसत नाही. तोवर मुलाच्या हाती फोन देताना अँड्रॉइडची ‘ॲप पिनिंग’ किंवा आयफोनची ‘गाइडेड ॲक्सेस’ ही सोय वापरता येते. त्यात गेमचे ॲप पडद्यावर अडकवून ठेवता येते आणि त्यातून बाहेर पडायला पिन लागेल असेही ठरवता येते. अर्थात मुलाला तो पिन ठाऊक नसेल तरच हिचा उपयोग.

ही मुदत ॲप मोजते कशी, तेही पाहण्यासारखे आहे, कारण कुलपे इथे गुपचूप फसतात. बाहेर गेल्याबरोबर आत एक गजर लावून ठेवण्यावर ॲपला भरवसा ठेवता येत नाही. मागे गेलेले ॲप फोन थोड्याच वेळात निजवून टाकतो. म्हणून शहाणे ॲप बाहेर पडतानाची वेळ टिपून ठेवते आणि परत येताना किती वेळ गेला ते बघते. प्रश्न असा, की वेळ कोणत्या घड्याळावर बघायची? भिंतीवरच्या घड्याळासारखी दिसणारी फोनची वेळ घेतली, तर सेटिंगमध्ये जाऊन कोणीही ती मागे करू शकतो, आणि मुदत संपतच नाही. अँड्रॉइडमध्ये दुसरे घड्याळ आहे `SystemClock.uptimeMillis()`. ते बाहेरून बदलता येत नाही, पण फोन गाढ झोपेत गेला की ते थांबते. अशा ॲपमध्ये पाच मिनिटांची मुदत रात्रभर ताणली जाऊ शकते, सकाळी उशाजवळून फोन उचलणाऱ्याला ॲप उघडेच मिळते. बरोबर घड्याळ आहे `SystemClock.elapsedRealtime()`. फोन झोपला तरी ते चालू राहते आणि तारीख बदलून त्याला फसवता येत नाही. फोन बंद करून चालू केला की तेही शून्यावर येते, त्यामुळे ॲप नव्याने सुरू होताना नेहमी कुलूपबंदच असले पाहिजे. एका ओळीतला हा फरक मराठी मुलामुलींच्या हातून रोज बनणाऱ्या हिशेबाच्या, दवाखान्याच्या, सोसायटीच्या ॲप्समध्येही पडतो. ते बनवणाऱ्यांनी आपापली ओळ आजच तपासावी.

वापरणाऱ्यालाही आपले कुलूप घरबसल्या तपासता येते, त्याला तंत्रज्ञ लागत नाही. १ मिनिटाची मुदत ठेवायची, ॲपमधून बाहेर पडायचे, दोन मिनिटांनी परत जायचे, ठसा मागितला पाहिजे. मग हाच प्रयोग पुन्हा करायचा, पण या वेळी ॲपमधून बाहेर पडल्यावर फोनची वेळ एक तास मागे करायची. फोटोंच्या ॲपमधून ‘शेअर’ करून बघायचे, २०१९ ची चूक तिथेच होती. नुकत्याच वापरलेल्या ॲप्सची यादी उघडायची, कारण अनेकदा कुलूपबंद ॲपच्या शेवटच्या पडद्याचे चित्र तिथे वाचता येईल इतके स्पष्ट दिसत असते. शेवटी कोणाला तरी मेसेज पाठवायला सांगायचा आणि वरच्या सूचनेत काय दिसते ते बघायचे. व्हॉट्सॲपला कुलूप असले तरी आलेला कॉल घेता येतो, आणि सूचनेत मजकूर दाखवायचा की नाही, याची सेटिंग अँड्रॉइडवर वेगळी आहे. ती चालू राहिली तर बाहेरचा माणूस कुलूप न उघडताच मेसेज वाचतो. कार्यालयातल्या संगणकावर जोडलेले व्हॉट्सॲपही फोनवरच्या या कुलपाने बंद होत नाही.

या कुलपाची एक मर्यादा कोणत्याही सेटिंगने जात नाही. बहुतेक ॲप्समध्ये हे कुलूप म्हणजे दारावरचा पहारेकरी असतो: ठसा जुळला का, एवढेच तो विचारतो आणि पडदा बाजूला करतो. आतला मजकूर त्या ठशाने बांधलेला नसतो. बिटवॉर्डनसारख्या ॲपमध्ये तसे नाही. तिथे कुलूप लागते तेव्हा मजकूर उघडणारी किल्लीच स्मरणातून काढली जाते, त्यामुळे पडदा चुकवून आत शिरले तरी वाचण्यासारखे काही हाती लागत नाही. घरातल्या माणसासाठी पहारेकरी पुरतो. फोन ताब्यात घेऊन त्यावर साधने चालवू शकणाऱ्यासाठी पुरत नाही. पासवर्ड, रुग्णांच्या नोंदी किंवा छळाचे पुरावे फोनवर ठेवणाऱ्याने हा फरक माहीत करून घेऊनच ॲप निवडावे.

आणि जिथे कुलूप दिसणेच धोक्याचे असते, तिथे ते लावून चालत नाही. ‘याला कुलूप का लावलेस? उघड बघू,’ असे म्हणणाऱ्यासमोर ठसाही चालतो आणि पासकोडही, कारण उघडणारी बाई समोर उभी असते. व्हॉट्सॲपने मे २०२३ मध्ये एकेक गप्पा कुलूपबंद करण्याची सोय आणली, तेव्हा त्या गप्पांचा कप्पा यादीच्या वरच्या टोकाला दिसत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गुप्त कोड’ आला. तो कप्पा आता यादीतून काढता येतो आणि शोधाच्या चौकटीत कोड लिहिला तरच समोर येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १८ ने बहुतेक ॲप्स कुलूपबंद करण्यासोबत बाहेरून आणलेली ॲप्स लपवण्याचीही सोय दिली. ही दिशा योग्य आहे. ज्या बाईवर नजर ठेवली जाते, तिला कुलूप हवे असतेच, पण त्याहून जास्त ते कुलूप नजरेस न पडणे हवे असते.

ॲप बनवणाऱ्यांकडे मागण्या तीनच आहेत. पासकोड फोनपासून वेगळा ठेवण्याची मुभा द्या, ‘आत्ता बंद कर’ हे बटण पहिल्याच पडद्यावर आणा, आणि मुदतीच्या यादीत पडदा बंद होताच कुलूप हा पर्याय घाला. वाचकांनी आज रात्री एवढेच करावे: फोनमध्ये नोंदलेली बोटे मोजावीत, मुदत ३० मिनिटे असेल तर ती १ मिनिटावर आणावी, आणि सूचनेतला मजकूर बंद करावा.